कोरडी तापवू नका

‘पहिल्या वापराआधी कढई रिकामीच मोठ्या आचेवर धूर निघेपर्यंत तापवावी, तेलाचा हात फिरवावा, गार होऊ द्यावी. असे तीन वेळा करावे.’

लोखंडी कढईसाठी ही सूचना अगदी बरोबर आहे. लोखंड तापलं, तेल जळून त्याचा काळा थर बसला, की कढईला पदार्थ चिकटत नाही आणि गंजही चढत नाही. पुण्यातल्या एका नणंद-भावजयीच्या छोट्या व्यवसायात मात्र हीच सूचना सव्वा वर्ष पितळी कढईच्या लिस्टिंगवर होती. त्या कढईला आतून कल्हई होती. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर, आणि कथील 232 अंश सेल्सिअसला वितळतं. रिकामी पितळी कढई घरच्या गॅसच्या मोठ्या बर्नरवर ठेवली तर तिचा तळ काही मिनिटांतच ही मर्यादा ओलांडतो. धूर दिसेपर्यंत थांबलेल्या गिऱ्हाइकाने सूचना तंतोतंत पाळलेली असते आणि कल्हई तिथल्या तिथे गेलेली असते.

दोघींनी नाव छापू नये म्हणून सांगितलं, ते मी पाळतो. व्यवसायाची कागदपत्रं, जुन्या लिस्टिंगचे स्क्रीनशॉट आणि गिऱ्हाइकांना गेलेले निरोप मात्र त्यांनी हातचं काही न राखता दाखवले. चुकीची वस्तू विकली गेली तर ती परत घेता येते, त्याची रीत सगळ्यांना माहीत आहे. वस्तू चांगली आणि तिच्यासोबत गेलेलं वाक्य चुकीचं, असं झालं तर काय करायचं, हे फारसं कुणी सांगत नाही. वाक्य परत मागवता येत नाही, कारण ते गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकाच्या सवयीत जाऊन बसलेलं असतं.

हे घडलं कसं, ते समजायला सोपं आहे. व्यवसाय सुरू झाला लोखंडी तवे आणि कढयांवर. पितळी भांडी पुढच्या दसऱ्याला आली. नवीन वस्तू चढवताना पोर्टलवर जुन्या लिस्टिंगची प्रत काढून त्यात नाव, वजन, किंमत आणि फोटो बदलण्याची सोय असते. तीच त्यांनी वापरली. बाकीचं सगळं बदललं, पण ‘वापरण्याची पद्धत’ हा रकाना तसाच राहिला. पुढे त्याच मजकुरावरून खोक्यात घालायची चिठ्ठी छापून घेतली आणि फोटोंच्या रांगेत टाकायचं एक चित्रही करून घेतलं. एक वाक्य तीन ठिकाणी गेलं.

चूक उघडकीला यायला वेळ लागला, कारण पहिल्या तक्रारी दुसऱ्याच दिशेला बोट दाखवत होत्या. ‘कल्हई निकृष्ट आहे, पहिल्याच दिवशी निघाली’ असा अभिप्राय आला, सोबत तळाचा फोटो. त्यांनी माफी मागून कढई बदलून दिली आणि कल्हईवाल्याला दोन शब्द सुनावले. मग तसाच दुसरा फोटो आला. या वेळी परत आलेली कढईच त्या कल्हईवाल्याकडे घेऊन गेल्या. त्याने ती उन्हात धरली, तळावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, “ताई, हे घासून गेलेलं नाही. वितळलंय. कुणीतरी कोरडं चढवलंय.”

हा फरक कसा ओळखायचा, ते त्याने मलाही दाखवलं. वापराने झिजलेली कल्हई जिथे उलथनं फिरतं तिथे हळूहळू विरळ होते. आधी राखाडी दिसते, मग त्यातून पिवळेपणा डोकावू लागतो, आणि दोन्हींमधली सीमा पुसट असते. वितळलेली कल्हई ओघळते. मध्ये पितळ उघडं पडतं, आणि बाजूला कथील गोळा होऊन चकचकीत थेंब किंवा लाटेसारखी कड तयार होते. तापलेल्या कढईत तेलाचं फडकं फिरवलं असेल तर ज्या दिशेने हात गेला त्या दिशेच्या रेघाही दिसतात. परत आलेल्या कढईत त्या रेघा होत्या. कल्हईवाला स्वतः कल्हई चढवतो तेव्हा हेच करतो: भांडं तापवतो, नवसागर टाकतो, कथील टेकवतो आणि कापसाच्या बोळ्याने ते आतून फिरवतो. गिऱ्हाइकाने नकळत तीच क्रिया केली होती, पण त्याच्या हातून थर बसण्याऐवजी पुसला गेला होता.

घरी येऊन नणंदेने स्वतःचीच लिस्टिंग फोनवर उघडली आणि वाचली. “वहिनी, हे आपणच सांगितलंय की लोकांना.”

इथे थोडं थांबून धोका नेमका कशाचा, ते नीट पाहायला हवं, कारण पुढचे सगळे निर्णय त्याच्यावर ठरले. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. उघड्या पितळेत चिंचेची आमटी, टोमॅटोचं सार, सोलकढी, कढी असं आंबट काही शिजवलं किंवा नुसतं ठेवलं, की हे धातू अन्नात उतरतात. दही-ताक कळकतं ते यामुळेच. एका जेवणात बरंचसं तांबं पोटात गेलं तर मळमळ, उलटी, पोटात कळ असा त्रास लवकरच होतो. मोठ्या माणसाला चव लागते, तो ताट बाजूला सारतो. लहान बाळाला ती सोय नसते. 1980च्या दशकात पुण्यातल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी ब्रिटनच्या डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्यासह लहान मुलांमध्ये होणाऱ्या यकृताच्या एका जीवघेण्या आजाराचा अभ्यास केला होता. ‘इंडियन चाइल्डहुड सिरॉसिस’ हे त्याचं नाव. बिनकल्हईच्या पितळी-तांब्याच्या भांड्यात तापवलेलं आणि साठवलेलं दूध अगदी लहान वयापासून पाजणं, याच्याशी त्या आजाराचा संबंध त्यांनी दाखवला. घराघरांत स्टील आलं आणि तो आजार जवळजवळ दिसेनासा झाला. आज पितळ पुन्हा हौसेने घरात येतंय. म्हणून ही गोष्ट पुण्यातल्या विक्रेत्याला तरी ठाऊक असायला हवी, असं माझं मत आहे. त्या दोघींना ती ठाऊक नव्हती. नणंदेच्या ओळखीतल्या एका बालरोगतज्ज्ञांनी सांगितली, आणि त्यानंतर ‘मजकूर दुरुस्त करू, एवढंच पुरे’ हा विचार मागे पडला.

कायद्याची बाजूही याच वेळी त्यांच्या समोर आली. 2011च्या अन्नसुरक्षेच्या वेष्टनविषयक नियमांत, नीट कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यातलं अन्न खाण्यास अयोग्य मानलं होतं. 2019चा ग्राहक संरक्षण कायदा वस्तूसोबतच्या शब्दांकडेही पाहतो. वापराच्या पुरेशा सूचना नसणं किंवा चुकीच्या वापराचा इशारा नसणं हेसुद्धा त्याच्या 84व्या कलमात उत्पादकाच्या जबाबदारीचं एक कारण आहे. त्यांच्या सल्लागार वकिलांनी आधी सुचवलं, की गाजावाजा न करता मजकूर बदलून टाका. मग स्वतःच पुढे म्हणाले, की बदल केल्याची तारीख पोर्टलच्या नोंदीत राहतेच. तुम्हाला चूक कळली होती आणि तरी जुन्या गिऱ्हाइकांना सांगितलं नाही, एवढं त्यातून सिद्ध होईल.

तेव्हा त्यांनी पहिलं काम केलं ते शिल्लक शून्यावर आणण्याचं. लिस्टिंग काढून टाकली नाही, आणि हे मला त्यांचं सगळ्यात शहाणपणाचं पाऊल वाटतं. लिस्टिंग पुसली की जुनं गिऱ्हाईक आपल्या ऑर्डरवरून तिथे पोहोचतं तेव्हा त्याला काहीच दिसत नाही, आणि चिठ्ठी हरवलेली माणसं सूचना पुन्हा वाचायला तिथेच येतात. शिल्लक शून्य केली की विक्री थांबते आणि पान उघडं राहतं. मग बदल करण्याआधी प्रत्येक पडद्याचा तारखेसह स्क्रीनशॉट घेतला. आपण नेमकं काय सांगितलं होतं, हे नंतर कुणी विचारलं तर उत्तर देता यावं म्हणून.

मजकूर बदलणं हे त्यांना अर्ध्या तासाचं काम वाटलं होतं. कढई तीन आकारांत होती आणि मुख्य लिस्टिंगमधला बदल तिन्ही आकारांना आपोआप लागू होत नव्हता. मोठ्या कढईवर जुनंच वाक्य दिसत राहिलं, तेही त्यांच्या फोनवर नाही, भावजयीच्या आईच्या फोनवर. विक्रेत्याच्या खात्यातून पाहिलं की नवीन मजकूर दिसतो, म्हणून तपासणी नेहमी लॉगिन नसलेल्या दुसऱ्याच फोनवरून करायची, हे त्या तिथे शिकल्या. त्याहून मोठी फसगत चित्राची. ‘वापरण्याची पद्धत’ हे अक्षरांचं चित्र होतं, शोध घेऊन ते सापडत नाही आणि मजकूर बदलला तरी ते बदलत नाही. वर्णनात ‘कोरडी तापवू नका’ आणि त्याच्यावरच्या चौथ्या फोटोत गॅसच्या लाल ज्वाळेवर रिकामी कढई, अशी दोन दिवस परिस्थिती होती. प्रश्नोत्तरांत एका बाईंनी विचारलं होतं, ‘आधी तेल लावून तापवायची का?’ त्याखाली यांचंच उत्तर: ‘हो, तीन वेळा.’ ते उत्तर सगळ्यात शेवटी सापडलं.

आणि घाईत उलटंही झालं. वाक्य शोधून सगळीकडून काढताना ते लोखंडी कढईच्या लिस्टिंगवरूनही गेलं. तिथे ते हवंच होतं. दुसऱ्या दिवशी एका नव्या गिऱ्हाइकाचा फोन आला, की लोखंडी कढई गंजतेय, काय करू.

दुरुस्त मजकुरात त्यांनी जुनी चूक लपवली नाही. वर्णनाची पहिलीच ओळ अशी: या तारखेआधी घेतलेल्या कढईसोबतची तापवण्याची सूचना चुकीची आहे, ती पाळू नका. त्याखाली बरोबर पद्धत: आधी तेल किंवा पाणी घालावं, मग गॅस लावावा, आच मध्यम ठेवावी. तळणाला साधारण 180 अंश लागतात, त्यामुळे तळण करता येतं, पण तेल धुरावू द्यायचं नाही. घासायला तारेची घासणी वापरायची नाही. आतून चिंच किंवा लिंबू-मीठ लावायचं नाही, ते बाहेरच्या पितळेसाठी.

आता राहिली आधी कढया नेलेली माणसं. यादी करताना त्यांना कळलं, की आपली गिऱ्हाइकं चार वेगवेगळ्या वाटांनी आली आहेत आणि प्रत्येक वाटेवरून परत जाण्याची रीत निराळी आहे.

पोर्टलवरून शंभरावर कढया गेल्या होत्या. तिथे गिऱ्हाइकाचा खरा फोन नंबर विक्रेत्याला मिळत नाही, पोर्टलच्या आतूनच निरोप पाठवता येतो, आणि जुन्या ऑर्डरींसाठी ती खिडकी बंद झालेली असते. त्यांनी ताज्या ऑर्डरींना स्वतः लिहिलं. बाकीच्यांसाठी विक्रेता-मदत विभागाकडे ‘सुरक्षिततेची सूचना’ या विषयाखाली ऑर्डरींची यादी आणि निरोपाचा मसुदा दिला. नुसती ‘मदत हवी’ अशी पहिली विनंती साचेबद्ध उत्तर देऊन बंद झाली होती. दुसऱ्या वेळी भाजण्याचा आणि विषबाधेचा धोका पहिल्याच ओळीत लिहिला, तेव्हा ती माणसाच्या हातात गेली. पोर्टलच्या गोदामात पडलेल्या कढया परत मागवाव्या लागल्या, कारण त्यांच्या खोक्यांत जुनी चिठ्ठी होती.

व्हॉट्सॲपवरून घेतलेल्यांचे नंबर होते. त्यांना ब्रॉडकास्ट केला आणि निश्चिंत झाल्या. उत्तरं अगदी थोडी आली. ज्याने तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवून ठेवला आहे त्यालाच ब्रॉडकास्ट पोहोचतो, हे तेव्हा कळलं. एकदा कढई घेऊन गेलेलं गिऱ्हाईक कशाला नंबर साठवील? एसएमएस पाठवायचा तर व्यावसायिक पाठवणाऱ्याला ट्रायच्या नियमांनुसार आपलं नाव आणि निरोपाचा नमुना आधी नोंदवावा लागतो, त्याला वेळ लागणार होता. शेवटी दोघींनी यादी वाटून घेतली आणि फोन केले. संध्याकाळी साडेसात ते नऊ, लोक स्वयंपाकघरात असतात तेव्हा. “कढई समोरच असते, लगेच बघून सांगतात,” भावजय म्हणाली.

निरोप दोनदा लिहावा लागला. पहिला मसुदा मी वाचला. ‘आपला विश्वास हीच आमची पुंजी’ अशी सुरुवात, मग दर्जाविषयी बांधिलकी, मग ‘वापराच्या सूचनांमध्ये काही सुधारणा केल्या आहेत’. दिवाळीच्या शुभेच्छांसारखा दिसत होता, आणि लोकांनी तसाच बाजूला सारला. एकाने उलट हात जोडल्याचं चित्रही पाठवलं. दुसरा मसुदा असा होता:

‘तुम्ही आमच्याकडून घेतलेली पितळी कढई रिकामी तापवू नका. आमच्या चिठ्ठीत तशी सूचना होती, ती चुकीची आहे. चूक आमची आहे. रिकामी तापवल्याने आतली कल्हई वितळते. कढई आतून उजेडात पाहा. पिवळे डाग, चकचकीत थेंब किंवा पुसल्यासारख्या रेघा दिसल्या तर तिच्यात स्वयंपाक थांबवा. आंबट पदार्थ आणि दूध तिच्यात ठेवूच नका. बाळाचं दूध तापवत असाल तर आजपासून स्टीलचं भांडं घ्या आणि डॉक्टरांना सांगा. तपासण्यासाठी कढई पुन्हा तापवू नका. आतला फोटो याच नंबरवर पाठवा. कल्हई आमच्या खर्चाने करून देऊ किंवा पैसे परत देऊ. भेट म्हणून दिली असेल तर हा निरोप त्यांना पाठवा. आम्ही लिंक, ओटीपी किंवा पैसे मागत नाही.’

शेवटचं वाक्य नंतर घातलेलं आहे. पहिल्या काही फोनवर लोकांनी सरळ फोन ठेवला, कारण ‘तुमच्या ऑर्डरबद्दल बोलायचंय, पैसे परत मिळतील’ हे आजकाल कोण म्हणतं ते सगळ्यांना माहीत आहे. म्हणून फोनवर सुरुवातच बदलली. पैशांचा विषय शेवटी, आधी कढईचा आकार आणि घेतल्याचा महिना.

‘तपासण्यासाठी पुन्हा तापवू नका’ हे वाक्य मला आधी अनावश्यक वाटलं होतं. पण एका गृहस्थांनी खरोखरच फोनवर म्हटलं, “थांबा हं, तापवून बघतो.”

फोटो येऊ लागले तसे तीन ढीग पडले. बऱ्याच जणांनी चिठ्ठी वाचलीच नव्हती. घरातल्या कुणीतरी ‘पितळ आहे, आधी तेल घाल’ म्हटलं होतं आणि कल्हई शाबूत होती. सूचना पाळणाऱ्यांची कल्हई गेली होती. आणि मधल्या ढिगात अशा कढया, की तापवल्या होत्या, पण वेळेआधी गॅस बंद केला होता. वरून ठीक दिसत होतं, थर किती उरलाय ते फोटोवरून सांगता येत नव्हतं. कल्हईवाल्याचं म्हणणं होतं, शंका असली तर पुन्हा कल्हई करा. त्यांनी तेच ठरवलं. जड कढई कुरियरने येण्याजाण्याचा खर्च नव्या कल्हईपेक्षा जास्त होता, म्हणून बाहेरगावच्यांना सांगितलं, तुमच्या गावच्या कल्हईवाल्याकडून करून घ्या आणि पावती नसली तरी फोटो पाठवा, पैसे देतो. एक अट घातली: शिसं मिसळलेलं कथील नको, शुद्ध कथील हवं. अडचण अशी, की शिसं आहे की नाही हे नुसतं डोळ्यांनी ओळखता येत नाही, प्रयोगशाळेतच कळतं. म्हणून ज्या गावी खात्रीचा कारागीर सापडला नाही तिथे पैसे परत दिले आणि कढई वापरू नका म्हणून सांगितलं. यात नफा किती उडाला ते त्यांनी सांगितलं, पण तो आकडा छापण्यात अर्थ नाही.

प्रदर्शनातली गिऱ्हाइकं मात्र निसटली. तिथे रोख किंवा यूपीआयवर विक्री होते, हाती नावापलीकडे काही राहत नाही. त्यांनी त्याच संयोजकांना विनंती केली, की पुढच्या प्रदर्शनाच्या दारावर फलक लावू द्या. एका संयोजकाने नकार दिला, ‘लोक घाबरतील’. दुसऱ्याने लावू दिला. त्या फलकाखाली उभं राहून भावजयीने दोन दिवस तेच वाक्य सांगितलं, आणि थोड्या बायका ‘माझ्याकडे आहे’ म्हणत आल्या.

सगळ्यात चिवट प्रश्न भेटींचा निघाला. पितळी कढई धनत्रयोदशीला पूजेसाठी घेतात, रुखवतात मांडतात, मुलीला देतात. घेणारा वेगळा, वापरणारा वेगळा, आणि कित्येक कढया अजून माळ्यावर खोक्यात, चिठ्ठीसकट. ज्यांच्याशी बोलणं झालं त्यांना दोघींनी एक प्रश्न नेमाने विचारला, की ही तुम्हीच वापरता ना? ‘नाही, ती सुनेकडे नाशिकला’ असं उत्तर आलं की नाशिकचा नंबर घ्यायचा. त्यांच्या वहीत प्रत्येक नावापुढे तीन खुणा आहेत: निरोप गेला, माणसाशी बोलणं झालं, कढई पाहिली. पहिल्या खुणेला त्या मोजत नाहीत. निळ्या टिका बघून काम झालं असं समजणारे मोठे व्यवसाय मी पाहिलेत, म्हणून ही वही मला विशेष वाटली. तिसरी खूण नसलेली नावं अजून बरीच आहेत. या महिन्यात त्यांना पुन्हा फोन जाणार आहेत, कारण धनत्रयोदशीला माळ्यावरचं पितळ खाली येतं.

विक्री पुन्हा सुरू झाली आहे. चिठ्ठी आता लोखंडाची पांढरी आणि पितळेची पिवळी. नवीन लिस्टिंग जुनीची प्रत काढून करायची नाही, असं ठरलंय, आणि वापराचा मजकूर आधी कल्हईवाल्याला वाचून दाखवतात. नव्या कढईच्या दोन्ही कड्यांमधून एक जाड सुती दोरी आडवी बांधलेली असते, त्यात पुठ्ठ्याची पट्टी ओवलेली. दोरी कापल्याशिवाय कढईत काही घालता येत नाही. पट्टीवर मराठी, हिंदी आणि इंग्रजीत एकच ओळ आहे: आधी तेल किंवा पाणी, मग गॅस.